थापाडी बाईचा फोन

काशीनाथ दळवींना दोन प्रकारची माणसं आवडत नसत. एक, ज्यांना काही येत नाही ती, आणि दुसरी, ज्यांना काही येतं ती. उरलेल्या जागेत ते एकटेच उभे होते आणि तिथून सगळ्यांकडे तुच्छतेने बघत होते.

मूळचे राजापूरकडचे, वाढले परळला, संसार मांडला मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कात. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलच्या भांड्यांचा एक बरा कारखाना आहे, तिथे ते वीसएक वर्षं स्टोअर्स मॅनेजर होते. कुठल्या घाटाचं पातेलं कुठल्या रॅकवर आहे, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. आता डोळे मिटून सांगता येतं, म्हणून माणसाने डोळे कायमचे मिटून घ्यावेत असं काही नाही. पण दळवींनी ते केलं होतं. कॉम्प्युटर आला, त्याला त्यांनी ‘टायपिंगवाल्यांचं खेळणं’ म्हटलं. बारकोड आला, त्याला ‘बिस्किटपुड्यावरच्या रेघा’. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते शेवटच्या खुर्चीवर बसून सेक्रेटरीच्या प्रत्येक वाक्यावर नाकातून हवा सोडत. बायको ममता पतपेढीत नोकरीला. ती म्हणायची, “ह्यांच्या नाकाचं बिल वेगळं यायला हवं.”

तर गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांना एक फोन आला. बाईचा आवाज, तरुण, नीट बोलणारा.

“नमस्कार सर, मी समिधा बोलतेय, समिधा राऊत. वेअरहाऊस आणि सप्लायच्या जागा भरायचं काम करते. घोडबंदरला एका औषध वितरणाच्या कंपनीचं नवीन गोडाऊन होतंय. वेअरहाऊस मॅनेजरची जागा आहे. आता बोलायला वेळ आहे का?”

“नोंदणीचे किती घेता?” दळवींनी पहिला प्रश्न हाच टाकला. नोकरीचा फोन म्हणजे पैसे उकळणाऱ्यांची टोळी, हे त्यांचं ठाम मत.

“उमेदवाराकडून काहीच नाही सर. आम्हाला कंपनी देते, माणूस जॉइन झाला की.”

“म्हणजे दलालीच.”

“तसं म्हणा हवं तर,” ती म्हणाली. चिडली नाही. मग तिने काम सांगितलं. स्टॉक सगळा सॉफ्टवेअरवर, दुपारची पाळी, हाताखाली तीस माणसं, सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग कंपनी देणार.

खरं सांगायचं तर ती नोकरी त्या वेळी दळवींना जमणारी नव्हतीच. मुलगी संजना बारावीला होती. ममता पतपेढीतून रात्री उशिरा यायची, संध्याकाळी घरी कुणीतरी हवं होतं, आणि दुपारच्या पाळीत ते शक्य नव्हतं. एवढं कारण दोन वाक्यांत सांगता आलं असतं. “मॅडम, मुलीचं बारावीचं वर्ष आहे, पुढच्या उन्हाळ्यानंतर विचारा.” विषय संपला असता. पण दळवींना अडचण सांगणं म्हणजे हात पसरणं वाटायचं. त्यापेक्षा समोरच्याला खाली ढकलणं त्यांना सोपं जायचं, आणि वीस वर्षांच्या सरावाने ते छान जमायचंही.

“घोडबंदरला, वरसाव्याच्या नाक्यापलीकडे गेलेला माणूस ट्रॅफिकमधनं परत येतो का कधी?” ते म्हणाले. “आणि सॉफ्टवेअरवर स्टॉक? ज्यांच्या डोक्यात काही राहत नाही त्यांना लागतं ते.”

 ती जरा आवाज उतरवून म्हणाली, “सर, नाही म्हणा, हरकत नाही. पण एक सांगू? तुमच्या कंपनीचं प्रॉडक्शन आणि स्टोअर्स वापीकडे हलतंय असं आमच्या लाइनमध्ये ऐकायला येतंय. तिथे माणसं शोधायचं काम सुरू झालंय. तुम्ही तयारीत असावं म्हणून सांगते.”

दळवी मोठ्याने हसले. शेठ त्यांना दर दिवाळीला स्वतःच्या हाताने मिठाईचा बॉक्स देत असे. असला शेठ कारखाना हलवणार आणि आधी आपल्याला सांगणार नाही? नोकरी खपवायला पोरी काय काय थापा मारतील! फोन ठेवल्यावर त्यांनी तो नंबर सेव्ह केला. नाव दिलं, ‘थापाडी बाई’. नंतर तिने व्हॉट्सअ‍ॅपवर कामाची माहिती पाठवली आणि खाली लिहिलं, ‘सर, पुढे कधी काही बदललं तर जरूर कळवा.’ त्याला दळवींनी उत्तर दिलं, ‘असला जॉब पोराटोरांना द्या.’ आणि त्या उत्तरावर स्वतःच खूश झाले.

एप्रिलमध्ये तोच नंबर पुन्हा वाजला. कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाची सुट्टी होती. दळवींनी फोन उचलून सगळ्यांना दाखवला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘थापाडी बाई’. कँटीनमध्ये हशा पिकला. दळवींनी सावकाश लाल बटण दाबलं, एखादा डास चिरडावा तसं, आणि उसळीकडे वळले.

समोर त्यांचा असिस्टंट बसला होता, स्वप्नील घाग. पेणकडचा, शांत. हसायचं तेवढं हसून झाल्यावर त्याने विचारलं, “साहेब, काय विचारते ती?”

“नोकऱ्या वाटते. घोडबंदरला.”

“मला नंबर द्याल का?”

“घे की. थापा ऐकायची हौस असेल तर घे.” दळवींनी नंबर वाचून दाखवला, वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आपला स्वप्नील आता मॅनेजर होणार, सलाम करा रे.” पुन्हा हशा.

जूनमध्ये स्वप्नीलने राजीनामा दिला, पेढे वाटले आणि गेला. कुठे चाललास, हे दळवींनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यात रस आहे असं दिसलं असतं. “जाईल कुठेतरी पुठ्ठे मोजायला,” एवढं ते ममताला म्हणाले.

आणि जुलैत शेठने सगळ्यांना खाली बोलावलं. बोलला शेठचा मुलगा, हिंदीत, कागद बघून. प्रॉडक्शन और स्टोअर्स वापी शिफ्ट हो रहा है. दिवाळीपर्यंत इथलं काम चालेल, मग बंद. ज्यांना तिकडे यायचंय त्यांनी नाव द्यावं. दळवींनी शेठकडे पाहिलं. शेठ जमिनीकडे बघत होता. यंदाच्या मिठाईचा बॉक्स बहुधा वापीहून येणार होता.

वापीला जाऊन भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, हे पन्नाशीला टेकलेल्या माणसाला शक्य नव्हतं. संजनाची इंजिनिअरिंगची ॲडमिशन नुकतीच झाली होती, फ्लॅटचा हप्ता चालू होता, आणि ममताच्या एकटीच्या पगारात हे दोन्ही बसत नव्हतं. दिवाळीच्या आत इथेच, येण्याजाण्याच्या अंतरावर, दुसरी नोकरी हवी होती. एवढी एकच गोष्ट आता घरात बोलली जात होती.

दळवींनी ओळखीच्या चार ठिकाणी विचारलं. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, सॉफ्टवेअर येतं का? चौथ्या ठिकाणाहून आल्यावर ते बराच वेळ बाल्कनीत बसले, आणि नाकातून हवासुद्धा सोडली नाही.

“ती बाई होती ना,” ममता म्हणाली. “घोडबंदरवाली. जिने सांगितलं होतं कारखाना हलणार म्हणून.”

“ती थापाडी?”

“थापाडी कोण ठरलं ते आख्ख्या इस्टेटला कळलंय. करा तिला मेसेज.”

आता मेसेज करायचा म्हणजे स्वतःहून. दळवींनी लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी जे उभं राहिलं ते असं: ‘मॅडम, तुम्ही गेल्या वर्षी माझ्या बऱ्याच मागे लागला होता. सध्या मी तुमच्या प्रस्तावाचा विचार करण्याच्या मनःस्थितीत आहे.’

ममताने वाचून कपाळावर हात मारला. “अहो, नोकरी मागताय की मुलगी बघायला बोलावताय?”

मग संजनाने फोन हातात घेतला. तिने लिहिलं: ‘नमस्कार समिधा मॅडम, मी काशीनाथ दळवी, भाईंदरच्या कारखान्यात स्टोअर्स मॅनेजर. गेल्या वर्षी तुम्ही घोडबंदरच्या वेअरहाऊस मॅनेजरच्या जागेसाठी फोन केला होता. तेव्हा मुलीच्या बारावीमुळे दुपारची पाळी जमत नव्हती. आता ती अडचण नाही, आणि आमचा विभाग दिवाळीपर्यंत बंद होतोय. मीरा रोड, ठाणे, भिवंडी भागात योग्य जागा असेल तर बोलायला आवडेल. आपल्या सोयीने दहा मिनिटं मिळतील का? रेझ्युमे सोबत जोडतोय.’

“त्या उत्तराबद्दल सॉरी पण टाकू ना, पप्पा?”

“काही गरज नाही. तिला कशाला आठवतंय?”

“बरं. मग हे पाठवा, आणि पप्पा, आणखी काही लिहू नका,” संजना म्हणाली आणि कॉलेजला गेली.

दळवींनी आणखी काही लिहिलं नाही. पण ते जन्माचे स्टोअर्सवाले. माल बाहेर काढायचा तर सोबत चलन जोडायचं, कागदाशिवाय गेट ओलांडायचं नाही, हे हाडात मुरलेलं. ही बाई रोज पन्नास जणांना फोन करत असणार, तिला काय आठवणार? पुरावा हवा. म्हणून त्यांनी गेल्या वर्षीच्या संभाषणाचा स्क्रीनशॉट काढला, तिने पाठवलेली कामाची माहिती नीट दिसेल असा, आणि मेसेजला जोडून पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. तेव्हा त्यांनी तो फोटो स्वतः मोठा करून पाहिला.

सगळ्यात वर, हिरव्या पट्टीत, ‘थापाडी बाई’. सगळ्यात खाली, त्यांचंच, ‘असला जॉब पोराटोरांना द्या.’ चलन अगदी बिनचूक जोडलं होतं. मालाचं खरं वर्णन त्यावर होतं.

डिलीट करायला गेले तर घाईत ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं गेलं. म्हणजे त्यांच्या फोनमधून गेला, तिच्या फोनमध्ये राहिला. दळवींनी हे घरात कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस उत्तर आलं नाही, ते दोन दिवस ते ममताला म्हणत राहिले, “बघ, म्हटलं नव्हतं? असल्यांचा काही भरवसा नाही.” आणि फोन मात्र आंघोळीलाही बाहेरच्या स्टुलावर ठेवत राहिले. बोलणं एक, वागणं एक, हे जगाबद्दल त्यांचं आवडतं वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर तेच नाव. दळवींनी पहिल्याच रिंगला उचलला.

“नमस्कार,” पलीकडून शांत आवाज आला. “थापाडी बाई बोलतेय.”

दळवींनी फोन कानापासून काढून पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

“असू दे हो,” समिधा म्हणाली. “याहून वाईट नावं ऐकलीयत. तुम्ही निदान लेखी दिलंत.”

“मॅडम, ते... चुकून...”

“नाव चुकून सेव्ह होत नाही, दळवी सर. ते राहू दे. तेव्हा जमत नव्हतं, यात काही गुन्हा नाही. दहातले सात जण नाहीच म्हणतात. पण कारण सांगितलं असतंत ना, मी लिहून ठेवलं असतं, एप्रिलनंतर विचारायचं म्हणून. गेल्या वर्षी घेतलेला माणूस नऊ महिन्यांत सोडून गेला. एप्रिलमध्ये तीच जागा पुन्हा निघाली. तुमचं उत्तर वाचूनसुद्धा पहिला फोन मी तुम्हालाच केला, कारण कामाला तुम्ही पक्के होतात. तुम्ही कट केलात.”

दळवींना कँटीन आठवलं. उसळ आठवली. हशा तर कानात वाजायलाच लागला.

“ती जागा भरली,” ती म्हणाली. “पण त्याच गोडाऊनला माल आत घेणाऱ्या सेक्शनचा इन्चार्ज हवाय. पद एक पायरी खाली आहे. पगार तुमच्या आत्ताच्याच आसपास. जायचं असेल तर चार गोष्टी सरळ सांगा. नोटीस पिरियड किती, सॉफ्टवेअर शिकायची तयारी आहे का, पगाराची अपेक्षा काय, आणि तुमचा रेझ्युमे दुसऱ्या कुठल्या कन्सल्टन्सीने त्या कंपनीला पाठवलाय का? दोघांकडून गेला तर कंपनी वैतागते आणि दोन्ही रेझ्युमे बाजूला ठेवते.”

दळवींनी चारही उत्तरं दिली, टोमणा न मारता. त्यातलं ‘शिकेन’ हे इतकं हळू म्हणाले की तिने पुन्हा विचारलं.

“मग मला ईमेलवर लिहून द्या की माझ्यामार्फत पाठवायला तुमची हरकत नाही. आणि एक. तिथले वेअरहाऊस मॅनेजर तुमच्या ओळखीचे आहेत. आधी सांगते, नंतर थाप मारली म्हणू नका. स्वप्नील घाग.”

त्या रात्री दळवी जेवले नाहीत. “त्या पोराच्या हाताखाली?” ते म्हणाले. “त्याला चलन फाडायला मी शिकवलं!”

“मग चांगलं शिकवलंत म्हणायचं,” ममता ताट उचलत म्हणाली. “स्वतः मात्र तिथेच राहिलात. काशीनाथराव, एक गोष्ट नीट ऐका. नाकाने हप्ता भरता येत असता तर आपण आत्तापर्यंत चार फ्लॅट घेतले असते.”

सकाळी त्यांनी ईमेल पाठवला. कंपनीच्या एचआरने फोनवर बोलून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात स्वप्नीलशी मुलाखत ठरली. तोवर संजनाने त्यांना रोज संध्याकाळी समोर बसवून सॉफ्टवेअरचे व्हिडिओ दाखवले. ते बघताना त्यांनी नाकातून हवा सोडली की ती व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायची.

रिक्षाने काशिमिऱ्यापर्यंत, तिथून बसने वरसाव्याचा नाका ओलांडून घोडबंदर. ट्रॅफिक नव्हता. त्यामुळे दळवींना जास्तच वाईट वाटलं, कारण ट्रॅफिक हे त्यांचं शेवटचं कारण होतं. गेटवर वॉचमनने विचारलं, “किससे मिलना है?” “स्वप्नील घाग,” ते म्हणाले. वॉचमनने त्यांना वरून खाली पाहिलं आणि दुरुस्त केलं, “स्वप्नील सर. अंदर जाओ, लेफ्ट में.”

गोडाऊन थंड होतं. मजल्यांइतके उंच रॅक, प्रत्येकावर त्याच बिस्किटपुड्यावरच्या रेघा, आणि पोरंपोरी हातातल्या मशीनने टिक टिक करत चाललेली. कुणीही काहीही डोक्यात ठेवत नव्हतं आणि कुणाचंही काही हरवत नव्हतं.

स्वप्नील उठून उभा राहिला. “या, साहेब.” सवयीनेच म्हणाला. पाणी मागवलं, ममतावहिनींची चौकशी केली. मग मात्र समोरचा कागद ओढून खरोखरच मुलाखत घ्यायला लागला, आणि दळवींना वाटलं होतं तशी ती पाच मिनिटांत आटपली नाही.

“माल आत आला. बाहेर कुठला आधी काढायचा?”

“आधी आलेला आधी बाहेर,” दळवी झटकन म्हणाले. एवढं तर झोपेतही सांगू.

“भांड्यांना ठीक आहे साहेब. भांडं खराब होत नाही. इथे कधी आला ते बघायचं नाही, एक्सपायरी कुणाची आधी ते बघायचं. काल आलेला बॉक्ससुद्धा आधी जाऊ शकतो.”

दळवींचं नाक आपोआप फुगलं. हवा बाहेर पडणार तेवढ्यात त्यांनी ती गिळली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. मग, कुणी न सांगता, म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं.”

स्वप्नीलने कागदावर काहीतरी लिहिलं. आणखी बरंच विचारलं, तुटफूट, परत आलेला माल, माणसांची भांडणं. त्यात दळवी पक्के होते, आणि त्याने तसं सांगितलंही. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं.

“साहेब, तुम्हाला राग आला असेल.”

“नाही रे,” दळवी म्हणाले. ही थाप होती, आणि दोघांनाही ते कळलं.

“जागा तुमचीच होती. नंबरही तुमचाच. भर कँटीनमध्ये वाचून दाखवलात.” स्वप्नीलच्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती, तेच जास्त लागलं. “मी फक्त लावला.”

मग त्याने आपला फोन उचलला. “माझ्याकडून हो आहे. समिधा मॅडमना आणि एचआरला कळवतोय. त्या तुम्हाला शेवटचं विचारतील, मग लेटर निघेल.” त्याने मेसेज टाकला.

दळवींचा फोन टेबलावर होता, पालथा नाही, उताणा. मिनिटभरात तो वाजला आणि पडदा उजळला. दोघांच्या बरोबर मध्ये, मोठ्या अक्षरांत, ‘थापाडी बाई’. नाव बदलायचं राहूनच गेलं होतं. बदललं असतं तर चूक मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि ते त्यांनी उद्यावर ढकललं होतं, रोज.

स्वप्नीलने ते नाव वाचलं. गेल्या वेळी तो याच नावाला हसला होता. आज हसला नाही.

दळवींनी फोन उचलला. का कोण जाणे, उभे राहून उचलला.

“दळवी सर,” समिधा म्हणाली, “अभिनंदन. फक्त एक गोष्ट कंपनीला स्पष्ट हवीय, म्हणून विचारते. जुन्या असिस्टंटच्या हाताखाली काम करायचंय. नंतर कुरकुर झाली तर माझंही नाव जातं. तुम्हाला चालणार आहे ना? विचार करायला वेळ हवा असेल तर तसं सांगा.”

काचेपलीकडे मशीनं टिक टिक करत होती. दळवींच्या घशात वीस वर्षांचा मॅनेजर अडकला होता. तो खाली जायला थोडा वेळ लागला.

“वेळ नको, मॅडम,” ते म्हणाले. “चालणार आहे. स्वप्नील सर समोरच बसलेत.”

स्वप्नीलने मान खाली घातली आणि उगाचच कागद सारखे करायला लागला.